कारखान्यात तंबाखू सोडण्याचा कार्यक्रम: आधी काय, मग काय, आणि कुठे फसतं

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड, मिरज, पलूस भागातल्या दोन-चार कारखान्यांतून फोन येतो. 31 मे जवळ आलेला असतो, तंबाखूविरोधी दिन साजरा करायचा असतो, आणि प्रश्न ठरलेला असतो: "एखादा वक्ता मिळेल का? शपथ पण घ्यायचीय." वक्ता येतो, तोंडाच्या कर्करोगाचे फोटो पडद्यावर दाखवतो, सगळे हात पुढे करून शपथ घेतात. सभा सुटल्यावर पंधरा मिनिटांत कंप्रेसर रूमच्या मागे नेहमीची मंडळी नेहमीसारखी तंबाखू मळत उभी असतात.

वक्ता वाईट नसतो. क्रम उलटा झालेला असतो. शपथ शेवटी यायला हवी होती, किंवा आलीच नसती तरी चाललं असतं. हा लेख एचआरवाल्यांसाठी, कामगार कल्याण अधिकाऱ्यांसाठी आणि लहान युनिटच्या मालकांसाठी आहे. हिशेबासाठी कुपवाड एमआयडीसीतलं 180 जणांचं एक फाउंड्री आणि मशीन शॉप धरू: 160 पुरुष, 20 स्त्रिया, तीन पाळ्या, आणि निम्मे कामगार ठेकेदाराचे.

टप्पा 1: आपल्याकडे नक्की काय खाल्लं जातं ते आधी कळू द्या

बहुतेक कार्यक्रम सिगारेट डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. इंटरनेटवर मिळणारा नमुना अमेरिकेतला असतो, आणि तिथे प्रश्न धुराचा आहे. आपल्याकडे तो तसा नाही. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात धूर ओढणारे फक्त 3.8 टक्के होते, तर धूर नसलेली तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. म्हणजे चुना लावून मळलेली तंबाखू, मावा, मशेरी, गुटखा. ज्यानं कार्यक्रमाच्या नावानं धूम्रपान बंदीच्या पाट्या छापल्या, त्यानं बहुतेकांना न शिवता पैसे खर्च केले.

त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पुरुषांचं प्रमाण 35.5 टक्के आणि स्त्रियांचं 17 टक्के होतं. आपल्या युनिटला ते लावलं तर साधारण 57 पुरुष आणि 3 स्त्रिया, म्हणजे 60 जण. भट्टीवर आणि रात्रपाळीत आकडा याहून जास्त निघाला तर नवल वाटू देऊ नका. पण सुरुवातीचं अंदाजपत्रक 60 वर बांधा.

मग एक पानाची निनावी प्रश्नावली काढा. नाव नको, टोकन नंबर नको, विभागसुद्धा नको. खरी गोम प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. "तंबाखू खाता का?" असं विचारलं तर कॅन्टीनमधल्या आणि साफसफाईच्या बायका "नाही" म्हणतात, आणि त्यांच्या हिशेबानं ते खरंच असतं. मशेरी त्या खात नाहीत, लावतात. एका मावशींनी मला सरळ सुनावलं होतं, "ती काय तंबाखू हाय व्हय? ती दात घासायची." म्हणून प्रत्येक गोष्ट तिच्या नावानं विचारा: मळलेली तंबाखू, मावा, मशेरी, गुटखा, बिडी, सिगारेट, नुसती सुपारी.

सुपारी त्या यादीत मुद्दाम आहे. माव्यात तंबाखू आणि चुन्याबरोबर सुपारीचा चुरा असतो, आणि तोंड आखडत जाण्याचा आजार मुख्यतः सुपारीमुळे होतो. तंबाखू सोडलेला माणूस "आता नुसती सुपारीच खातोय" असं खुशीत सांगतो, तेव्हा एक धोका कमी झालेला असतो आणि दुसरा तसाच राहिलेला असतो.

*तपासा:* पानं बंद पेटीत पडली पाहिजेत आणि ती पेटी टाइम ऑफिसच्या टेबलावर नको. सुपरवायझरनं पानं गोळा केली असतील तर ती रद्दीत घाला आणि पुन्हा सुरू करा.

टप्पा 2: शिस्त एका वहीत, मदत दुसऱ्या वहीत

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि नेमका तोच गाळला जातो.

कारखान्यात धूम्रपान करता येत नाही, हे 2003 च्या कोटपा कायद्यानं आणि 2008 च्या नियमांनी ठरलेलंच आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. शॉप फ्लोअरवर थुंकू नये, वितळलेला धातू ओतताना तोंडात काही नसावं, हे तुमचे सुरक्षेचे नियम. हे सगळं तसंच चालू राहू द्या. पण सोडण्याच्या कार्यक्रमात कोणी सांगितलेली माहिती या नियमांसाठी कधीही वापरली जाणार नाही, हे मालकाच्या सहीनं लेखी द्या. पत्र पाच-सहा ओळींचं पुरे. त्यात तीन गोष्टी असाव्यात: कार्यक्रमात येणं ऐच्छिक आहे, कोण आलं, कोणी सोडलं, कोणाचं पुन्हा सुरू झालं, ही नावं कंपनीकडे येणार नाहीत, बढती, ओव्हरटाइम, पाळी आणि ठेक्याचं नूतनीकरण यांचा कार्यक्रमाशी संबंध नाही.

शेवटचं वाक्य ठेकेदारांच्या माणसांसाठी आहे. त्यांना वाटणारी भीती कल्पनेतली नसते. "ह्यो तंबाखूवाला" असं एकदा कानावर गेलं की पुढच्या महिन्यात गेटवर नाव नसतं, हे त्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून पत्राची प्रत ठेकेदाराला द्या आणि तिच्यावर त्याचीही सही घ्या.

*सावधान:* कार्यक्रम जाहीर केला त्याच आठवड्यात गेटवर खिसे तपासायला सुरुवात करू नका. एका युनिटमध्ये असं झालं. नावनोंदणीचा कागद महिनाभर कोरा राहिला आणि चुन्याच्या डब्या जेवणाच्या डब्यातून आत येऊ लागल्या.

टप्पा 3: एक दार, आत तीन पर्याय

लाज टाळायची असेल तर पोस्टरवरचे शब्द बदलून भागत नाही, मांडणीच बदलावी लागते. दारावर "तंबाखूमुक्ती कक्ष" अशी पाटी असेल तर आत जाणाऱ्याला सगळा कारखाना बघतो. म्हणून तंबाखूचा वेगळा कार्यक्रम काढू नका. "आरोग्य उपक्रम" काढा आणि त्यात तीन पर्याय ठेवा: रक्तदाब आणि साखर, पाठ-कंबरदुखी, तंबाखू सोडणं. खोली एक, माणूस एक, वेळ एक. आत गेलेला कशासाठी गेला ते बाहेरच्याला कळायला मार्ग नाही.

या मांडणीनं आणखी एक भांडण मिटतं. बक्षीस फक्त तंबाखू सोडणाऱ्याला दिलं की दुसऱ्याच दिवशी कोणीतरी विचारतो, "आम्ही जन्मात हात लावला नाही, आम्हाला काय? आता आधी सुरू करू काय?" प्रश्न टोमण्याचा असला तरी रास्त आहे. तिन्ही पर्यायांना सारखीच रक्कम मिळत असेल तर तो उठत नाही.

खोली एचआर केबिनच्या शेजारी नको, प्रथमोपचार खोली चालेल. बसणारा माणूस कंपनीच्या पगारावरचा नको. सांगलीत दंत महाविद्यालय आहे, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे विचारून प्रशिक्षित समुपदेशक आठवड्यातून एकदा येईल असं ठरवता येतं. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखालच्या जिल्हा कक्षालाही पत्र द्या, साहित्य आणि माणूस दोन्हीला मदत होते. रोजच्या आधारासाठी राष्ट्रीय क्विटलाइन 1800-11-2356 हा मोफत क्रमांक आहे. तो पुडीवरच छापलेला असतो. पण मी आजवर ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या फार थोड्यांनी तो वाचला होता.

शब्दांबद्दल एवढंच: "व्यसनी" हा शब्द फॉर्मवर, पोस्टरवर, भाषणात कुठेही नको. आपल्याकडे व्यसनी म्हटलं की दारू पिऊन गटारात पडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि ज्याला दिवसाला तंबाखूचे सहा बार लागतात तो स्वतःला तसा समजत नाही. "तंबाखू सोडायची आहे का?" हा प्रश्न त्याला कळतो. "व्यसनमुक्त व्हायचंय का?" असं विचारलं की तो उठून जातो.

टप्पा 4: बक्षिसाची मांडणी

बक्षिसानं फरक पडतो का, याचं उत्तर अमेरिकेतल्या दोन चाचण्यांत सापडतं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका मोठ्या कंपनीतले 878 धूम्रपान करणारे कर्मचारी होते. निम्म्यांना फक्त माहिती दिली, निम्म्यांना माहितीबरोबर टप्प्याटप्प्यानं एकूण 750 डॉलरपर्यंत बक्षीस. नऊ ते बारा महिन्यांनी सोडलेल्यांचं प्रमाण 5 टक्के विरुद्ध 14.7 टक्के निघालं. हा आकडा मालकाला दाखवताना त्याची दुसरी बाजूही सांगा: बक्षीस देऊनही दर सातांतल्या साधारण सहा जणांचं सुटलं नाही. हे आधी सांगितलं नाही तर सहा महिन्यांनी "एवढे पैसे घालून इतकेच?" हे ऐकावं लागतं.

दुसरी चाचणी 2015 ची. तिच्यात काहींना सरळ बक्षीस देऊ केलं, तर काहींना सांगितलं की आधी स्वतःचे 150 डॉलर अनामत ठेवा, सोडलंत तर तेही परत आणि वर बक्षीस. सरळ बक्षिसाचा कार्यक्रम 90 टक्के लोकांनी स्वीकारला, अनामतीचा 13.7 टक्क्यांनी. ज्यांनी अनामत ठेवली त्यांच्यात ती चांगली लागू पडली, पण मुळात आलेच थोडे. आपल्याकडे काही मालकांना ही अनामतीची कल्पना फार आवडते: "पगारातून पाचशे कापू, सोडली की परत देऊ." करू नका. पगारातून कशासाठी कपात करता येते ते कायद्यानं ठरवून दिलेलं आहे आणि तंबाखूची अनामत त्यात बसत नाही. शिवाय पगारपत्रकावर तशी कपात दिसली की नाव फुटलंच.

माझी मांडणी अशी. समुपदेशकाच्या सहा भेटी, प्रत्येक भेटीला 200 रुपये, म्हणजे 1,200. ही रक्कम हजेरीची आहे, सोडण्याची नाही. भेटीला आला आणि "अजून चालूच आहे" म्हणाला तरी द्यायची. तीन महिन्यांनी उद्दिष्ट गाठलं तर 800, सहा महिन्यांनी टिकलं तर 1,000. एकूण 3,000. रक्तदाब-साखर आणि कंबरदुखीच्या पर्यायातही भेटी तेवढ्याच आणि रक्कम तीच, तिथलं उद्दिष्ट डॉक्टर ठरवून देतील.

खर्चाचा अंदाज घेऊ. तिन्ही पर्यायांत मिळून 70 जण आले, त्यातले 20 तंबाखूसाठी. सगळे सगळ्या भेटींना आले तर 84,000. निम्म्यांनी पुढची दोन्ही उद्दिष्टं गाठली तर आणखी 63,000. म्हणजे दीड लाखाच्या आत. परवडत नसेल तर रक्कम निम्मी करा, पर्याय कमी करू नका.

पैसे पगारपत्रकात "आरोग्य उपक्रम" एवढ्याच नावानं यावेत. ठेकेदाराच्या कामगारांना ठेकेदारामार्फत देऊ नका, समुपदेशकाच्या यादीवरून कूपन थेट हातात द्या. नाहीतर पैसे मध्येच मुरतात. आणि कूपन किराणा दुकानात चालणारं घ्या. शेजारच्या पानपट्टीवर चालणारं घेतलेलं मी पाहिलेलं आहे.

टप्पा 5: सोडल्याची खात्री कशी करायची, आणि कोणतं यंत्र घ्यायचं नाही

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

पहिली चूक म्हणजे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र. विक्रेता येतो, फुंकायला लावतो, आकडा दाखवतो, मालक खूश होतो. पण कार्बन मोनॉक्साइड जळण्यातून येतो. तंबाखू चघळणारा दिवसाला दहा बार भरून आला तरी त्या यंत्रावर साफ दिसेल. आपल्या 60 जणांतल्या बहुतेकांसाठी ते यंत्र शोभेचं आहे.

दुसरी चूक जास्त आतली आहे. लघवीतल्या कोटिनीनची चाचणी चघळणाऱ्यांनाही लागू पडते. शरीरात निकोटिनचं कोटिनीन होतं आणि ते तीन-चार दिवस सापडतं. पण निकोटिन तंबाखूतून आलं की तलफ भागवायला आपणच दिलेल्या निकोटिन गममधून, हे ती चाचणी सांगू शकत नाही. एका युनिटनं तीन महिन्यांवर चाचणी ठेवली, नेमकी तेव्हा गम चालू असलेली माणसं "फेल" झाली. तंबाखूला हात न लावलेल्या माणसाला सगळ्यांदेखत खोटं ठरवलं. त्यानंतर तो कुठल्याही आरोग्य तपासणीला आला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

म्हणून तीन महिन्यांवर चाचणी नको. समुपदेशकानं विचारायचं, "गेल्या सात दिवसांत एकदाही घेतली का?" आणि उत्तर मानायचं. आठशे रुपयांसाठी एखादा खोटं बोलेल. बोलू द्या. चाचणी फक्त सहा महिन्यांवर, आणि तीही गम बंद करून किमान एक आठवडा झाल्यावर. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेनं घ्यावा, निकाल समुपदेशकाकडे जावा, कंपनीकडे फक्त देय रकमेची एकत्रित यादी यावी.

*तपासा:* एचआरच्या संगणकात तंबाखूच्या पर्यायातल्या नावांची यादी आहे का? असेल तर मांडणी कुठेतरी गळते आहे.

टप्पा 6: गम हातात देण्याआधी

पहिल्या भेटीत समुपदेशक चार गोष्टी विचारतो: सकाळी उठल्यावर किती वेळानं पहिली घेता, आठवड्याला किती पुड्या लागतात, रात्री उठून घेता का, आणि रस थुंकता की गिळता. उठल्यापासून अर्ध्या तासात घेणारा किंवा रस गिळणारा जास्त अडकलेला असतो. त्याला नुसत्या बोलण्यावर सोडू नका. याच भेटीत तोंडाची तपासणी दंतवैद्याकडून होऊ द्या. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा स्वतःची तीन बोटं उभी तोंडात न जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुढचा रस्ता थेट रुग्णालयाचा, आणि तोही गाजावाजा न करता. ज्याचं तोंडच उघडत नाही त्याला गम चघळायला देणं ही थट्टा आहे. त्याच्यासाठी अंगावर चिकटवायच्या निकोटिन पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा. गरोदर स्त्री, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, किंवा छातीत दुखत असलेला माणूस यांना गम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

2 मिलिग्रॅमची निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळते, 4 ला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. वापराचं प्रमाण असं: पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला किमान नऊ; पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी; शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. दिवसाला 9, मग 5, मग 3 धरल्या तर एका माणसाला बारा आठवड्यांत 546 लागतात. वीसातल्या बारा जणांना गम लागेल असं धरू. सगळी एकदम खरेदी करू नका, मधेच थांबणारे बरेच असतात. पहिल्या दोन आठवड्यांची घ्या: 12 जण, रोज 9, 14 दिवस, म्हणजे 1,512.

आता गम कशी खायची ते. "गम घेतली, उचकी लागली, मळमळलं, सोडून दिली" ही तक्रार आपल्याकडे सगळ्यात जास्त, आणि दोष बहुधा गमचा नसतो. माणूस ती च्युइंगम समजून कचाकचा चावतो. निकोटिन पोटात जातं, तिथे ते नीट लागू पडत नाही आणि छातीत जळजळतं. गम सात-आठ वेळा सावकाश चावायची, जिभेला झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची. चव गेली की पुन्हा थोडी चावायची, जागा बदलून ठेवायची. अर्धा तास असं. मळणाऱ्याला हे एका वाक्यात समजतं: "बार जिथं ठेवता, तिथंच ठेवा." तो लगेच मान डोलावतो, कारण ती जागा त्याच्या गालाला पाठ असते.

चहाचं पथ्यही त्याच्याच भाषेत सांगता येतं. तंबाखूला चुना का लावतात? चुन्यानं तोंडातली आम्लता मोडते आणि निकोटिन गालातून पटकन शोषलं जातं. गममध्येही त्याच कामासाठी क्षार घातलेला असतो. चहा, कॉफी, लिंबू सरबत आम्लधर्मी, ते त्या क्षाराचं काम बिघडवतात. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा नाही. आपल्याकडे चहाच्या सुट्टीतच तलफ येते, त्यामुळे चहा पिऊन लगेच गम तोंडात टाकली जाते आणि "गमनं काही होत नाही" अशी बातमी पसरते. चहाच्या सुट्टीच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायला सांगा, म्हणजे सुट्टीच्या वेळी तलफ आधीच उतरलेली असते.

टप्पा 7: तारीख पाळी बघून ठरवा

तारीख 31 मे नको, गुढीपाडवाही नको. तारीख प्रत्येकाची वेगळी असते आणि ती पाळीच्या तक्त्यावर ठरते.

सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो: चिडचिड, लक्ष न लागणं, झोपेचा घोटाळा. भट्टीसमोर किंवा प्रेसवर उभ्या माणसासाठी हा सुरक्षेचा प्रश्न आहे. म्हणून शेवटचा बार साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे पहिला दिवस घरी जातो. आणि पुढचा आठवडा पहिल्या पाळीचा हवा. तिसऱ्या पाळीत बरेच जण झोप येऊ नये म्हणूनच तंबाखू धरतात. त्या आठवड्यात सोडायला सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला कृष्णेच्या पुरात ढकलणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं काम शक्य तर ओतकामाऐवजी तपासणी किंवा पॅकिंगचं द्या. हा बदल सुपरवायझरला कारण न सांगता करायचा असतो. "आरोग्य उपक्रमाची शिफारस" एवढं पुरे, कारण कंबरदुखीवाल्यांनाही तीच चिठ्ठी मिळते.

सोडल्यानंतरचा पहिला रात्रपाळीचा आठवडा कॅलेंडरवर लाल करून ठेवा. बहुतेक घसरणी तिथे होतात. त्या आठवड्यात समुपदेशकाचा फोन पाळी सुरू होण्याआधी जावा, नंतर नाही.

हाताचाही विचार करा. मळणं ही अर्धी सवय हाताची असते. डाव्या तळव्यावर अंगठा फिरत असतो, दोन टाळ्या पडतात, समोरचा न बोलता हात पुढे करतो, चिमूट त्याला जाते, मग स्वतःला. हे रोज सहा वेळा, तीच माणसं, तीच जागा. त्या घोळक्यातल्या एकानंच सोडायचं ठरवलं तर तो तंबाखूबरोबर घोळकाही सोडतो. म्हणून समुपदेशकानं खासगीत विचारावं, "तुमच्याबरोबर मळणाऱ्यांपैकी आणखी कोणाला सांगाल का?" जोडी आली तर दोघांचं टिकण्याची शक्यता वाढते. बडीशेप-ओव्याची डबी दिली तर हाताला उघडायला काहीतरी मिळतं आणि पुढे आलेल्या हातावर ठेवायलाही. सुपारी तेवढी त्यात नको.

टप्पा 8: पुन्हा सुरू झालं तर

माझी स्वतःची सर्वांत मोठी चूक इथली. पहिल्या कार्यक्रमात मी गेटजवळ फलक लावला होता, "तंबाखूमुक्त वीर", अकरा जणांचे फोटो, हार घालून. दोन महिन्यांनी त्यांतल्या एकाचं पुन्हा सुरू झालं. तो चहाला येईनासा झाला, कारण चहाच्या रस्त्यावर त्याचाच फोटो होता. एके सकाळी फलकावर दहाच फोटो होते आणि अकराव्या जागी फक्त डिंकाचा डाग. रात्रपाळीत त्यानंच काढला होता. मी त्याला काही विचारलं नाही. फलक मात्र त्याच दिवशी उतरवला.

नियम आधीच लिहून ठेवा. एक-दोनदा घेतली तर ती घसरण, कार्यक्रम चालू, गम चालू. पुन्हा रोजची झाली तर दोन आठवड्यांनी नवी तारीख, बक्षिसाची घड्याळं पुन्हा सुरू. मिळालेले पैसे परत मागायचे नाहीत. किती वेळा परत येता येईल यावर मर्यादा घालू नका. पक्कं सुटण्याआधी अनेकांचे बरेच प्रयत्न होतात.

*सावधान:* सुटलेल्या माणसानं स्वतःहून सगळ्यांसमोर बोलायचं ठरवलं तर बोलू द्या, पण तुम्ही त्याला विचारू नका. एचआरनं विचारलं की त्याला नाही म्हणता येत नाही.

टप्पा 9: मालकाला काय दाखवायचं

सहा महिन्यांनी एक पान पुरे. तिन्ही पर्यायांत मिळून किती आले, तंबाखूच्या पर्यायात किती, सहाही भेटी किती जणांनी पूर्ण केल्या, सहा महिन्यांवर किती जणांचं सुटलेलं आहे, आणि किती जण दुसऱ्यांदा आले. विभागवार आकडे द्यायचे असतील तर ज्या विभागात पाचपेक्षा कमी जण आहेत तो वेगळा दाखवू नका. "पॅटर्न शॉप: 1" असं लिहिलं की पॅटर्न शॉपमधला तो एक कोण, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

टक्केवारी काढताना छेदस्थानी आलेले सगळे घ्या, मधेच गेलेलेसुद्धा. वीस आले, आठ गेले, उरलेल्या बारातल्या तिघांचं सुटलं, तर आकडा 15 टक्के आहे, 25 नाही. आणि निनावी प्रश्नावली वर्षानं पुन्हा भरून घ्या, तीच पेटी, तेच प्रश्न. त्यात मशेरीचा आकडा पहिल्या वेळेपेक्षा वाढलेला दिसला तर घाबरू नका. मावशींनी या वेळी खरं लिहिलेलं असतं.